तळटिपेत राहून गेलेली अट

इंग्लंडमध्ये १८९९ साली जॉर्ज उडनी युल या अठ्ठावीस वर्षांच्या संख्याशास्त्रज्ञाने रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता गरिबांना सरकारी मदत देण्याचा. त्या काळी तिथे निराधारांना मदत दोन प्रकारे मिळे. एक तर त्यांना वर्कहाऊसमध्ये दाखल व्हावे लागे, नाही तर घरी राहूनच थोडे पैसे किंवा शिधा मिळे. घरपोच मदत वाढवली की मदतीवर जगणाऱ्यांची संख्या वाढते का, यावर वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद चालला होता. युल यांनी १८७१, १८८१ आणि १८९१ या जनगणनांच्या काळातील आकडे घेतले. प्रत्येक विभागात गरिबांचे प्रमाण किती बदलले हे एका बाजूला ठेवले आणि घरपोच मदतीचे प्रमाण, वृद्धांचे प्रमाण व लोकसंख्या यांतले बदल दुसऱ्या बाजूला. मग हे सगळे घटक त्यांनी एकाच समीकरणात एकत्र बसवले. समाजाविषयीच्या प्रश्नाला बहुविध रिग्रेशन लावण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. लंडनच्या विभागांसाठी १८७१ ते १८८१ या दशकात घरपोच मदतीचा गुणांक ०.७५५ आला. गरिबीतल्या बदलाचा किती भाग कशामुळे झाला याचा हिशेब युल यांनी मांडला आणि तिथेच एक तळटीप जोडली. काटेकोर बोलायचे तर ‘मुळे’ या शब्दाच्या जागी ‘शी निगडित’ असे वाचावे, अशा आशयाची.

निबंधाचे वजन त्या एका ओळीवर उभे होते, पण ती पानाच्या तळाशी राहिली. पुढे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी युल यांच्या निष्कर्षावर जो आक्षेप घेतला, तो मला आजच्या प्रबंधांसाठी फार मोलाचा वाटतो. त्यांचे म्हणणे असे होते की काही विभागांचा कारभार मुळात चोख होता. असा विभाग घरपोच मदत जपून देई आणि त्याच चोखपणामुळे त्याच्याकडे गरिबांची नोंदही कमी राही. कारभाराचा दर्जा मोजलेला नव्हता, म्हणून तो समीकरणात नव्हता, आणि समीकरणात नव्हता म्हणून त्याचे श्रेय घरपोच मदतीच्या खात्यावर जमा झाले.

आता ‘विभाग’ या शब्दाच्या जागी ‘प्रकल्प’ वाचा. ‘घरपोच मदती’च्या जागी ‘वरिष्ठ व्यवस्थापनाचा पाठिंबा’ वाचा. आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ‘प्रकल्पाच्या यशाचे घटक’ या विषयावरचे जे एमबीएचे आणि पीएचडीचे प्रबंध आहेत, त्यांतल्या निष्कर्षांच्या प्रकरणाची अडचण तुमच्यासमोर उभी राहील.

या प्रबंधांचा साचा कसा घडला ते थोडक्यात पाहायला हवे. १८८६ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून पाहिली. कार्ल पिअर्सन यांनी १८९६ मध्ये सहसंबंधाचे ते सूत्र दिले जे आज प्रत्येक संगणकात बसले आहे. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये माणसाचा कल पायऱ्यांवर मोजण्याची रीत सुचवली, ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत. व्यवस्थापनाच्या बाजूने रोनाल्ड डॅनियल यांनी १९६१ मध्ये यशाच्या मोजक्या घटकांची कल्पना मांडली, आणि १९७९ मध्ये जॉन रॉकार्ट यांनी तिला आज प्रचलित असलेले रूप दिले. मर्फी, बेकर आणि फिशर यांनी नासाच्या आर्थिक साहाय्यातून सुमारे साडेसहाशे प्रकल्पांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ऐंशीच्या दशकात जेफ्री पिंटो आणि डेनिस स्लेव्हिन यांनी दहा घटकांची प्रश्नावली तयार केली. ध्येयाची स्पष्टता, वरिष्ठांचा पाठिंबा, नियोजन, ग्राहकाशी सल्लामसलत, माणसे, संवाद, देखरेख वगैरे. आपल्याकडे आयआयटी दिल्लीचे के. सी. अय्यर आणि के. एन. झा यांनी भारतीय बांधकाम प्रकल्पांसाठी ५५ गुणधर्मांची प्रश्नावली वापरली. खर्च आटोक्यात राहण्यावर सर्वांत अनुकूल प्रभाव सहभागी पक्षांमधल्या समन्वयाचा दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी २००५ मध्ये मांडला. १९६८ साली एसपीएसएस हे सॉफ्टवेअर आले होतेच. त्यानंतर ज्या गणिताला युल यांचे कित्येक दिवस गेले असतील, ते एका क्लिकवर होऊ लागले. गणित सोपे झाले, पण उत्तराचा अर्थ लावणे होते तेवढेच कठीण राहिले, आणि निष्कर्षांचे प्रकरण त्यासाठीच तर लिहायचे असते.

एक उदाहरण घेऊन ते नीट उलगडू. समजा, पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या १२० पूर्ण झालेल्या गृहप्रकल्पांच्या व्यवस्थापकांकडून एका विद्यार्थिनीने प्रश्नावली भरून घेतली आहे. तिने तीन घटक मोजले: वरिष्ठांचा पाठिंबा, नियोजन आणि संवाद. प्रत्येकासाठी पाच-सहा विधाने, पाच पायऱ्यांची. प्रकल्पाचे यशही तिने त्याच प्रश्नावलीत, त्याच व्यवस्थापकाला विचारून मोजले. इथले आकडे समजावून सांगण्यासाठी मी ठरवले आहेत, ते कुठल्याही प्रत्यक्ष प्रबंधातले नाहीत. मात्र त्यांवरून पुढे निघणारे गणित खरे आहे आणि कोणालाही ते करून पाहता येईल.

पहिला तक्ता सहसंबंधांचा. यशाशी पाठिंब्याचा सहसंबंध ०.५०, नियोजनाचा ०.५५ आणि संवादाचा ०.४८. तिन्हींपुढे दोन-दोन तारे. हे तारे पाहून विद्यार्थिनी सुखावते, पण त्यांचा अर्थ फार माफक आहे. १२० प्रतिसाद असले की ०.१८ एवढा लहान सहसंबंधही एक तारा मिळवतो. सहसंबंध खरोखर शून्य असता तर एवढा आकडा निव्वळ योगायोगाने क्वचितच आला असता, एवढेच तारा सांगतो. नाते घट्ट आहे की सैल, हे आकड्याकडे पाहूनच ठरवायचे असते. ०.५० चा वर्ग ०.२५. म्हणजे यशाच्या गुणांमध्ये प्रकल्पागणिक जो चढउतार दिसतो, त्यातला पाव हिस्सा पाठिंब्याच्या गुणांबरोबर हलतो आणि पाऊण हिस्सा हलत नाही.

याच तक्त्याचा दुसरा भाग बहुतेक प्रबंधांत कोणी वाचतच नाही. घटकांचे आपापसातले सहसंबंध तिथे असतात. आपल्या उदाहरणात पाठिंबा आणि नियोजन यांच्यात ०.४०, नियोजन आणि संवाद यांच्यात ०.५०, आणि पाठिंबा व संवाद यांच्यात ०.७०. हा शेवटचा आकडा मोठा आहे. जिथे वरिष्ठ पाठीशी उभे आहेत असे व्यवस्थापकाला वाटले, तिथे संवादही चांगला होता असे त्याने बहुधा लिहिले. हे दोन वेगळे घटक आहेत की एकाच गोष्टीची दोन नावे, हा प्रश्न इथेच विचारायला हवा. रिग्रेशनचा तक्ता आल्यावर विचारला तर उशीर झालेला असतो.

दुसरा तक्ता रिग्रेशनचा. तिन्ही घटक एकत्र बसवल्यावर नियोजनाचा बीटा ०.३९ येतो, पाठिंब्याचा ०.२८ आणि संवादाचा जेमतेम ०.०८. आर-स्क्वेअर ०.४०. नियोजन आणि पाठिंबा यांच्या पी-व्हॅल्यू ०.०५ च्या बऱ्याच खाली. संवादाची ०.४३. मग प्रकरणात वाक्य उतरते: संवादाचा प्रकल्पाच्या यशावर परिणाम होत नाही, तिसरे गृहीतक फेटाळले जाते. आणि दोन पाने मागेच लिहिलेले असते की संवाद आणि यश यांच्यात लक्षणीय सहसंबंध आढळला. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमके इथे बोट ठेवतात आणि विचारतात की यातले खरे काय.

दोन्ही खरे आहे, कारण दोन तक्त्यांना दोन निरनिराळे प्रश्न विचारलेले आहेत. सहसंबंधाचा प्रश्न असा की ज्या प्रकल्पांत संवाद चांगला होता असे सांगितले गेले, ते प्रकल्प जास्त यशस्वी होते असेही सांगितले गेले का? उत्तर होय. रिग्रेशनचा प्रश्न अधिक अरुंद आहे. दोन प्रकल्प असे घ्या की ज्यांत वरिष्ठांचा पाठिंबाही सारखा आहे आणि नियोजनही सारखे. आता त्यांच्यात संवादाचा जो काही फरक उरेल, त्याबरोबर यशाचा फरक हलतो का? इथे उत्तर येते की या आकड्यांवरून सांगता येत नाही. ‘परिणाम नाही’ असे ते उत्तर नाही. संवादाच्या बीटाचे विश्वासांतर उणे ०.१३ पासून ०.३० पर्यंत पसरलेले आहे. त्यात शून्य बसते, तसाच पाठिंब्याचा ०.२८ हाही बसतो. ज्या मोजपट्टीवर दोन्ही शक्यता मावतात, तिच्या आधारे एक शक्यता फेटाळणे हा विद्यार्थिनीने स्वतःच्याच कष्टांवर केलेला अन्याय आहे.

मला याहून गंभीर वाटते ते पुढचे. समजा, हेच सर्वेक्षण त्याच परिसरातल्या दुसऱ्या १२० व्यवस्थापकांकडे केले. सगळे आकडे तेच आले, फक्त यशाशी पाठिंब्याचा सहसंबंध ०.५० ऐवजी ०.४७ आला आणि संवादाचा ०.४८ ऐवजी ०.५३. एवढ्याशा नमुन्यात सहसंबंध सहज ०.०७ ने इकडेतिकडे सरकतो, त्यामुळे हा फरक अगदी रोजचा आहे. नवे रिग्रेशन करून पाहा. संवादाचा बीटा होतो ०.२३ आणि त्याची पी-व्हॅल्यू ०.०३. पाठिंब्याचा बीटा घसरतो ०.१६ वर आणि पी-व्हॅल्यू जाते ०.१२ वर. आर-स्क्वेअर तेच, ०.४०. आता प्रबंध लिहील की संवाद निर्णायक आहे आणि वरिष्ठांच्या पाठिंब्याला महत्त्व नाही. दोन विद्यार्थी, एकच परिसर, एकच प्रश्नावली, आणि शिफारशींच्या प्रकरणात एकमेकांच्या उलट सल्ला.

असे होते कारण पाठिंबा आणि संवाद यांच्यात जे सामाईक आहे, ते समीकरण कोणालाच देत नाही. दोघांतला जो थोडासा वेगळेपणा उरतो, त्याच्यावर दोघांचे भवितव्य ठरते. हे आकड्यांत मांडता येते आणि प्रत्येक निष्कर्ष-प्रकरणात मांडले जावे असे मला मनापासून वाटते. मूळ उदाहरणात संवाद काढून टाकला तर आर-स्क्वेअर ०.४० वरून नावापुरतेच उतरते, ०.००३ ने. पाठिंबा काढला तर ०.०४ ने उतरते, आणि नियोजन काढले तर ०.१२ ने. या तिन्हींची बेरीज होते सुमारे ०.१६. मग ०.४० मधले उरलेले ०.२४ कोणाचे? ते कोणा एकाचे नाही. ते तिन्ही घटक मिळून समजावतात, आणि त्यातला कुठला भाग कोणाच्या नावावर लावायचा हे या आकड्यांतून ठरू शकत नाही. ज्याला आपण ‘स्पष्ट झालेले यश’ म्हणतो, त्याचा निम्म्याहून जास्त हिस्सा बीटाच्या स्तंभात दिसतच नाही.

अनेक मार्गदर्शक इथे सांगतात की व्हीआयएफ तपासा, दहाच्या खाली असले की चिंता नको. आपल्या उदाहरणात संवादाचा व्हीआयएफ २.२ आहे आणि पाठिंब्याचा २.० च्या आत. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक मर्यादा इथे पाळली गेली आहे, आणि तरीही दोन घटकांनी जागा बदलल्या. व्हीआयएफ दहाच्या खाली आहे याचा अर्थ गणित कोसळणार नाही, एवढाच. घटकांची क्रमवारी लावण्याइतके बीटा भक्कम आहेत, असे त्यातून निघत नाही. पाठिंब्याचा बीटा संवादापेक्षा मोठा आहे असे लिहायचे असेल, तर त्या दोन बीटांमधला फरक तपासायला हवा. इथे तो फरक ०.२० आहे आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.१९. म्हणजे क्रम लावण्याइतका आधार नाही. एकाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या अलीकडे आणि दुसऱ्याची पलीकडे पडली म्हणून ते दोघे एकमेकांपासून वेगळे ठरत नाहीत. ती ०.०५ ची रेषा रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सांगितली होती, आणि आपण तिचा उंबरठा करून टाकला.

शिवाय मोजमापाची कसोटी दोघांना सारखी लागलेली नसते. संवादाची विधाने मोघम असली, एका व्यवस्थापकाने ‘संवाद’ म्हणजे साप्ताहिक बैठक समजली आणि दुसऱ्याने ठेकेदाराशी फोनवरचे बोलणे, तर संवादाच्या गुणांत गोंधळ जास्त भरतो आणि त्याचा यशाशी सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो. चार्ल्स स्पिअरमन यांनी हे १९०४ मध्येच दाखवले होते. क्रॉनबाखचा अल्फा प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एकदा छापला जातो आणि पुन्हा त्याच्याकडे कोणी वळत नाही. पण पाठिंब्याचा अल्फा ०.८८ आणि संवादाचा ०.६६ असेल, तर रिग्रेशनमध्ये संवाद का हरला याचे एक उत्तर त्या जुन्या तक्त्यात पडलेले असते. निष्कर्ष लिहिताना तो तक्ता शेजारी उघडा हवा.

इथवरचा सगळा मुद्दा घटकांपैकी कोण मोठा याबद्दल होता. पण त्याच्याही मुळाशी एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते या विषयावरच्या प्रबंधांची सर्वांत मोठी कमजोरी तीच आहे. यश आणि यशाचे घटक दोन्ही एकाच माणसाला, एकाच बैठकीत, प्रकल्प संपल्यावर विचारलेले असतात.

१९७५ मध्ये बॅरी स्टॉ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान लहान गटांना एका कंपनीची आर्थिक माहिती देऊन तिची पुढची विक्री आणि नफा यांचा अंदाज बांधायला सांगितले. काम झाल्यावर काही गटांना कळवले की तुमचा अंदाज उत्तम होता, आणि काहींना कळवले की फार चुकला. खरे तर ही विभागणी यदृच्छेने केलेली होती, गटाच्या प्रत्यक्ष कामगिरीशी तिचा काहीही संबंध नव्हता. त्यानंतर प्रत्येकाला विचारले की तुमच्या गटात एकोपा कसा होता, संवाद कसा होता, उत्साह किती होता. ज्यांना ‘तुम्ही यशस्वी झालात’ असे सांगितले होते, त्यांना आपल्या गटात एकोपा अधिक, संवाद अधिक चांगला आणि उत्साह जास्त होता असे आठवले.

हा प्रयोग आपल्या उदाहरणाशेजारी ठेवून बघा. ज्या व्यवस्थापकाचा प्रकल्प वेळेत पूर्ण झाला, ताबा दिला गेला, पेढे वाटले गेले, तो मागे वळून पाहतो तेव्हा साहेबांचा पाठिंबा त्याला भरभक्कम वाटतो आणि टीममधले बोलणेचालणे मोकळे. ज्याचा प्रकल्प दीड वर्ष रखडला, त्याला त्याच साहेबांचे न उचललेले फोन आठवतात. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नाही. पण ०.५० हा सहसंबंध मग पाठिंब्याकडून यशाकडे गेलेला आहे, की यशाकडून पाठिंब्याच्या आठवणीकडे आलेला आहे, हे तक्त्यातून कळायचा मार्ग नाही. आणि पाठिंबा व संवाद यांच्यातला ०.७० हाही कदाचित त्याच आठवणीचा रंग दोन्ही प्रश्नांवर चढल्याने आला असेल. पिगू यांनी युल यांना दाखवलेला मोजला न गेलेला घटक इथे दोन रूपांत आहे: कंपनीचा एकूण चोख कारभार, आणि उत्तर देणाऱ्याची प्रकल्पाविषयीची एकूण भावना.

यावर सध्या एक तोडगा प्रचारात आहे. हार्मनची एक-घटक चाचणी करायची, पहिल्या घटकाने पन्नास टक्क्यांहून कमी विचरण घेतले की एका परिच्छेदात ‘सामाईक स्रोताचा दोष नाही’ असे लिहायचे आणि पुढे जायचे. पॉडसाकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्येच या चाचणीच्या तोकडेपणाबद्दल बजावले आहे. दोष नाही असे ती सिद्ध करू शकत नाही. दोष फारच ढोबळ असेल तरच ती तो पकडते.

मग विद्यार्थिनीने लिहायचे काय? मला वाटते, तिने आधी रिग्रेशनच्या तक्त्यावर हात ठेवून तीन वाक्ये लिहावीत आणि मगच गृहीतकांकडे वळावे. पहिले असे की ज्या व्यवस्थापकांनी पाठिंबा, नियोजन आणि संवाद यांना जास्त गुण दिले, त्यांनी आपल्या प्रकल्पाच्या यशालाही जास्त गुण दिले, आणि यशाच्या गुणांतल्या चढउताराचा सुमारे ४० टक्के भाग या तीन घटकांशी निगडित आहे. दुसरे असे की त्यातला बराचसा भाग तिन्ही घटकांचा सामाईक आहे. नियोजनाचा स्वतंत्र वाटा त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतो, पण पाठिंबा आणि संवाद यांचे वाटे या माहितीवरून एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. तिसरे असे की यश आणि घटक दोन्ही एकाच व्यक्तीच्या आठवणीतून आलेले असल्याने या नात्याचा काही भाग आठवणीचाच असू शकतो. तिसऱ्या गृहीतकाबद्दल तिने ‘फेटाळले’ ऐवजी ‘पुष्टी मिळाली नाही’ असे लिहावे आणि विश्वासांतर सोबत छापावे. ‘परिणाम’ आणि ‘प्रभाव’ हे शब्द निष्कर्षांच्या प्रकरणात जिथे जिथे आले असतील, तिथे युल यांची तळटीप मुख्य मजकुरात उचलून आणावी.

असे लिहिले तर प्रबंध कमजोर दिसेल, अशी भीती मी अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि काही मार्गदर्शकांच्याही. ती मला समजते. शिफारशींच्या प्रकरणात ‘कंपन्यांनी वरिष्ठांचा पाठिंबा वाढवावा’ असे ठाम वाक्य लागते, विद्यापीठाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना असतो, आणि गृहीतक ‘स्वीकारले’ किंवा ‘नाकारले’ यापलीकडे तिसरे उत्तर त्या रकान्यात मावत नाही. पण हा नमुना बदलणे विद्यापीठांच्या हातात आहे. गृहीतकाच्या तक्त्यात ‘स्वीकारले/नाकारले’ या एका स्तंभाऐवजी बीटा आणि त्याचे विश्वासांतर असे दोन स्तंभ छापायला लावले, तरी निम्मा गोंधळ मिटेल. त्याला ना खर्च आहे ना नवे सॉफ्टवेअर लागते. एसपीएसएसमध्ये रिग्रेशनच्या खिडकीत Statistics या बटणाखाली Confidence intervals आणि Part and partial correlations अशा दोन चौकोनांवर खूण केली की मूळ गुणांकाचे विश्वासांतर आणि प्रत्येक घटकाचा स्वतंत्र वाटा आपोआप येतो. Part या स्तंभातल्या आकड्याचा वर्ग केला की तोच स्वतंत्र वाटा, वर आपण घटक काढून काढून शोधला तो. बीटाचेच विश्वासांतर हवे असेल तर सगळे गुण आधी प्रमाणित करून तेच रिग्रेशन पुन्हा चालवावे.

गृहप्रकल्पांचा अभ्यास करणाऱ्यांना तर महाराष्ट्रात आणखी एक दार उघडे आहे. मे २०१७ पासून महारेराकडे नोंदणी झालेल्या प्रकल्पांची माहिती सार्वजनिक आहे. नोंदणीच्या वेळी दिलेली पूर्णत्वाची तारीख आणि नंतर बदललेली तारीख संकेतस्थळावर पाहता येते. सार्वजनिक क्षेत्रातल्या पायाभूत प्रकल्पांवर काम करायचे असेल, तर केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचे १५० कोटी रुपये आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांविषयीचे अहवाल आहेत. त्यांत मूळ खर्च आणि सुधारित खर्च शेजारीशेजारी दिलेला असतो. पाठिंबा, नियोजन आणि संवाद यांची उत्तरे व्यवस्थापकाकडून घ्यावीत, शक्य तर प्रकल्प चालू असताना, आणि यश म्हणून किती महिने उशीर झाला हा आकडा महारेराच्या नोंदीतून घ्यावा. उशीर महिन्यांत मोजला की बहुतेक प्रकल्प थोडेच रखडलेले आणि मोजके फार रखडलेले निघतात. त्यामुळे पिअर्सनच्या जोडीला स्पिअरमनचा क्रम-सहसंबंधही काढावा, आणि दोघांत मोठा फरक पडला तर ते दोन-चार टोकाचे प्रकल्प कोणते हे नावानिशी बघावे. अर्थात, प्रकल्पाचे यश म्हणजे केवळ वेळ नव्हे. ग्राहकाचे समाधान आणि बांधकामाचा दर्जा या नोंदींत नाहीत, आणि तेवढी मर्यादा लिहावीच लागेल.

असे केले की सहसंबंध बहुधा ०.५० राहणार नाही. तो ०.२५ येईल, कदाचित ०.२० च्याही खाली, आणि आर-स्क्वेअर ०.४० वरून एकदम खाली येईल. विद्यार्थिनी आणि तिचे मार्गदर्शक तो तक्ता पाहून हिरमुसतील. पण व्यवस्थापकाने मार्चमध्ये दिलेले उत्तर आणि पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये नोंदलेला उशीर यांच्यात ०.२० एवढे नाते सापडले, तर ते एकाच कागदावरच्या दोन खुणांमधल्या ०.५० पेक्षा जास्त काही सांगते. ज्या गोष्टीची आठवण यशामुळे बदलू शकत नव्हती, तिच्याशी जोडलेले ते नाते आहे.